ऑनलाइन खेळताना कॉल, नोटिफिकेशन आणि पार्श्वभूमीतील डाउनलोड कसे रोखावेत: अँड्रॉइड फोनवरील गेम मोडची मांडणी

ऑनलाइन सामना रंगात आला असताना स्क्रीनवर कॉलची पट्टी उतरते, बोट चुकून तिच्यावर पडते आणि खेळ बाजूला जाऊन कॉल सुरू होतो. हा त्रास दिसणारा असल्यामुळे त्यावर उपाय शोधला जातो. दुसरा त्रास दिसत नाही: खेळ चालू असताना फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप घेत असतो किंवा ॲप अद्ययावत करत असतो, आणि खेळातला पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, अकारण वाढल्यासारखा वाटतो. गेम मोड सुरू केला म्हणजे दोन्ही त्रास मिटले असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक फोनमधला गेम मोड पहिल्या त्रासाचा बंदोबस्त बऱ्यापैकी करतो आणि दुसऱ्याचा फारसा करत नाही. म्हणून या लेखात दोन्ही कामे वेगवेगळी केली आहेत: आधी कॉल आणि नोटिफिकेशन, मग डाउनलोड. येथे दिलेले टप्पे अँड्रॉइड फोनसाठी आहेत. कंपनीनुसार मेनूंची नावे थोडी बदलतात, पण त्यामागची रचना सारखीच असते.

पहिला टप्पा: गेम मोड कुठे आहे ते शोधणे

सॅमसंगच्या फोनमध्ये या सोयीचे नाव ‘Game Booster’ आहे, शाओमीमध्ये ‘Game Turbo’, तर रिअलमीमध्ये ‘Game Space’. पिक्सेल फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘Apps’ विभागात ‘Game settings’ मिळते. नाव आठवत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘game’ एवढाच शब्द टाकावा, तेवढ्याने काम भागते.

सापडल्यावर सर्वांत आधी आपला खेळ त्याच्या यादीत आहे का ते पाहावे. गेम मोड फक्त यादीतल्या ॲपसाठी जागा होतो. प्ले स्टोअरमधून घेतलेले खेळ सहसा आपोआप यादीत येतात, परंतु इतर मार्गाने बसवलेला खेळ फोनला खेळ म्हणून ओळखता येईलच असे नाही. असा खेळ हाताने यादीत घालावा लागतो. खेळ उघडल्यावर स्क्रीनच्या कडेला लहान चिन्ह किंवा पट्टी दिसली तर गेम मोड चालू झाला असे समजावे. ती दिसत नसेल तर गेम मोडमधले पुढचे कोणतेही सेटिंग लागू होणार नाही.

दुसरा टप्पा: कॉल आणि नोटिफिकेशन

खेळ उघडून त्या पट्टीतून गेम मोडचे पर्याय पाहावेत. सॅमसंगमध्ये ‘Priority mode’ हा पर्याय कॉल आणि नोटिफिकेशन अडवतो. इतर फोनमध्ये त्याच अर्थाचा ‘Gaming DND’, ‘Block notifications’ किंवा ‘Reject calls’ असा पर्याय असतो. येथे एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो विचार न करता घेऊ नये. काही गेम मोड कॉल नाकारतात, म्हणजे समोरच्याला कॉल कापल्याचे किंवा लाइन व्यस्त असल्याचे कळते. काही मोड कॉल फक्त गप्प करतात, म्हणजे समोरच्याला पूर्ण वेळ रिंग ऐकू जाते आणि आपल्याकडे मिस्ड कॉल नोंदवला जातो. कॉल नाकारणारा पर्याय निवडला तर घरचे किंवा सहकारी ‘याने मुद्दाम कापला’ असा अर्थ काढण्याची शक्यता असते, शिवाय कापलेला कॉल पाहून माणूस लगेच पुन्हा लावतो. माझ्या मते गप्प करणारा पर्याय अधिक सोयीचा आहे.

आपल्या फोनच्या गेम मोडमध्ये असा पर्यायच नसेल तर अँड्रॉइडची मूळ सोय, म्हणजे ‘Do Not Disturb’, तेच काम करते. ती सेटिंग्जमधील ‘Notifications’ विभागात असते. नव्या आवृत्त्यांमध्ये ती ‘Modes’ या नावाखाली गेली आहे. गेम मोड असलेल्या फोनमध्येही या पानावर एकदा जाऊन यावे, कारण पुढील तीन गोष्टी येथेच ठरतात.

पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा कॉल करणाऱ्यांना मिळणारी सूट. ‘Repeat callers’ हा पर्याय अनेक फोनमध्ये सुरुवातीपासून चालू असतो. एकाच व्यक्तीने 15 मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल केला तर तो कॉल सगळी बंधने ओलांडून वाजतो. सर्व काही बंद करूनही सामन्याच्या मध्यात कॉल वाजला, अशी तक्रार ज्यांची असते त्यांनी आधी हेच तपासावे. ही सोय तातडीच्या प्रसंगासाठी आहे, त्यामुळे सरसकट बंद करण्याची घाई करू नये. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर ती चालूच ठेवावी आणि कधीतरी होणारा व्यत्यय सहन करावा. ते शक्य नसेल तर ती बंद करून दोन-तीन निवडक संपर्कांना तारांकित करावे आणि कॉलची परवानगी फक्त तारांकित संपर्कांना द्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज आणि दृश्य यांतला फरक. ‘Do Not Disturb’ मध्ये नोटिफिकेशनचा फक्त आवाज बंद करता येतो किंवा आवाज आणि दृश्य दोन्ही बंद करता येतात. त्या पानावर लपवलेल्या नोटिफिकेशनच्या दर्शनाविषयी वेगळा पर्याय असतो. त्यात आवाजही नको आणि दृश्यही नको, अशी निवड केली तर खेळ चालू असताना वर काहीच झळकत नाही. फोन फक्त शांत होतो पण वरच्या कोपऱ्यात चिन्हे साचत राहतात आणि लक्ष तिकडे जाते, अशी ज्यांची अडचण असेल त्यांनी हा पर्याय निवडावा.

तिसरी गोष्ट म्हणजे ॲपवरून येणारे कॉल. व्हॉट्सॲपचा कॉल सिमवरून येत नाही. फोनच्या दृष्टीने तो एका ॲपचे नोटिफिकेशन असतो. त्यामुळे केवळ सिमचे कॉल नाकारणारा गेम मोड व्हॉट्सॲपचा कॉल अडवेलच असे नाही. याच पानावर ठरावीक ॲपना बंधन ओलांडण्याची परवानगी देता येते. त्या यादीत व्हॉट्सॲप किंवा दुसरे कॉलचे ॲप आहे का ते पाहून काढून टाकावे.

‘Do Not Disturb’ हाताने चालू करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. ते बंद करायला विसरले की संध्याकाळपर्यंतचे सगळे कॉल हुकतात. त्याच्या सेटिंगमध्ये कालावधी निवडण्याची सोय असते. ‘For 1 hour’ निवडून ठेवले की तासाभराने ते आपोआप उतरते.

मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांसाठी

कॉल गप्प केला तरी तो फोनपर्यंत पोहोचतोच. फोन आणि टॉवर यांच्यातली देवाणघेवाण होते, फक्त ती आपल्याला ऐकू येत नाही. वाय-फायवर खेळताना याने काही बिघडत नाही. मोबाइल डेटावर मात्र बिघडू शकते, आणि त्याची कारणे दोन आहेत.

फोनमध्ये ‘VoLTE’ बंद असेल तर कॉल येताच फोन फोर-जी सोडून जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि त्या काळात डेटा थांबतो किंवा अगदी मंद होतो. म्हणून सिमच्या सेटिंगमध्ये हा पर्याय चालू आहे ना, ते पाहावे. दुसरे कारण दोन सिमच्या फोनचे. बहुतेक अशा फोनमध्ये एका सिमवर बोलणे सुरू झाले की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. खेळ एका सिमच्या डेटावर आणि कॉल दुसऱ्या सिमवर, अशी स्थिती असेल तर चुकून उचललेला एक कॉल सामन्यातून बाहेर पडायला पुरेसा होतो. सामना चालू असेपर्यंत दुसरे सिम सेटिंगमधून बंद ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. अर्थात तेवढा वेळ त्या क्रमांकावर कॉल येत नाहीत आणि ओटीपीही येत नाही.

वाय-फाय असेल आणि कॉल अजिबातच नको असतील तर विमान मोड चालू करून मग वाय-फाय पुन्हा चालू करावे. सिमचा संबंधच तुटल्यामुळे कॉल येण्याचा प्रश्न उरत नाही. फक्त ‘Wi-Fi calling’ चालू असेल तर विमान मोडमध्येही कॉल येतो, हे लक्षात ठेवून तोही पर्याय बंद करावा लागतो. महत्त्वाच्या स्पर्धेच्या सामन्यासाठी हा उपाय ठीक आहे. रोजच्या खेळासाठी तो जरा टोकाचा वाटतो.

तिसरा टप्पा: पार्श्वभूमीतील डाउनलोड आणि अपलोड

खेळाला स्वतःला फार डेटा लागत नाही. सामना चालू असताना हालचालींची छोटी पाकिटे सतत ये-जा करत असतात. ती किती मोठी आहेत यापेक्षा ती वेळेवर पोहोचतात की नाही, याला महत्त्व असते. म्हणूनच इंटरनेटचा वेग भरपूर असूनही खेळ अडखळतो, आणि लोक चुकीच्या ठिकाणी दोष शोधत बसतात.

एक उदाहरण आकड्यांनी पाहू. समजा, घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग 10 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 10 मेगाबिट आहे. दुपारी एका समारंभात 200 फोटो काढले गेले आणि प्रत्येक फोटो साधारण 4 एमबीचा आहे. घरी येऊन वाय-फाय जोडले, खेळ उघडला, आणि त्याच वेळी फोटोंचा बॅकअपही सुरू झाला. एकूण 800 एमबी, म्हणजे 6,400 मेगाबिट, 10 एमबीपीएसने वर चढवायला सुमारे 640 सेकंद, म्हणजे जवळजवळ 11 मिनिटे लागतात. अर्धा सामना त्यातच जातो. या काळात राउटरपाशी पाकिटांची रांग लागते. त्या रांगेत 250 केबी इतका माल साचला असेल तर तो 10 एमबीपीएसने पुढे जायला 0.2 सेकंद लागतात. आपल्या गोळीची बातमी नेणारे पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते आणि पिंगमध्ये सरळ 200 मिलिसेकंदांची भर पडते. एरवी 40 दिसणारा पिंग 240 च्या घरात जातो. अकरा मिनिटांनी तो आपोआप खाली येतो आणि खेळणाऱ्याला वाटते की सर्व्हर सुधारला.

यात लक्षात घेण्यासारखे हे की दोष डाउनलोडचा नव्हता, अपलोडचा होता. अनेक जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असल्यामुळे रांग तिकडे लवकर लागते. गेम मोडच्या वर्णनात मात्र बहुधा डाउनलोडचाच उल्लेख असतो.

यावरचा मुख्य उपाय अँड्रॉइडमध्येच आहे आणि तो म्हणजे ‘Data Saver’. तो सेटिंग्जमधील ‘Network & internet’ विभागात असतो; सॅमसंगमध्ये ‘Connections’ आणि त्यात ‘Data usage’ असा मार्ग आहे. तो चालू केला की समोर उघडलेले ॲप सोडून इतर ॲपना मागे राहून डेटा वापरता येत नाही. परंतु त्यात एक खाच आहे. हे बंधन फक्त मोजून मिळणाऱ्या नेटवर्कवर लागू होते. मोबाइल डेटा त्यात मोडतो, पण घरचे वाय-फाय फोनच्या लेखी अमर्याद असते. म्हणून वाय-फायवर ‘Data Saver’ चालू करूनही बॅकअप बिनदिक्कत चालू राहतो.

तेव्हा वाय-फायलाही मोजून मिळणारे नेटवर्क ठरवावे. वाय-फायच्या यादीत आपल्या नेटवर्कच्या नावासमोरील चक्राकार चिन्हावर टिचकी द्यावी, त्यातील ‘Network usage’ किंवा ‘Metered network’ या ओळीत जावे आणि ‘Treat as metered’ निवडावे. यानंतर ‘Data Saver’ चालू केला की बंधन वाय-फायवरही लागू होते. खेळ समोर उघडा असल्यामुळे त्याला काही अडचण येत नाही. सोबत्यांशी बोलण्यासाठी वेगळे ॲप वापरत असाल तर ते मात्र ‘Unrestricted data’ या यादीत घालावे, म्हणजे सामन्याच्या मध्यात आवाज तुटण्याची शंका राहत नाही.

एवढे करूनही दोन-तीन ठिकाणे स्वतंत्रपणे बंद करणे शहाणपणाचे ठरते, कारण काही सिस्टिम ॲपना या बंधनातून मुळातच सूट मिळालेली असते. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावरून ‘Settings’, मग ‘Network preferences’ आणि ‘Auto-update apps’ येथे जाऊन आपोआप अद्ययावत करणे बंद करावे. मग ॲप सवडीने हाताने अद्ययावत करावीत. गुगल फोटोजमधील बॅकअप खेळापुरता थांबवावा. व्हॉट्सॲपमध्ये ‘Storage and data’ विभागात वाय-फायवर आणि मोबाइल डेटावर आपोआप उतरणाऱ्या फोटो-व्हिडिओंच्या खुणा काढाव्यात. गटांमध्ये येणाऱ्या व्हिडिओंचा विचार करता ही शेवटची गोष्ट खेळाशिवायही करण्यासारखी आहे.

खुद्द खेळसुद्धा नवे नकाशे किंवा वेशभूषा पार्श्वभूमीत उतरवत असतो. त्याच्या सेटिंगमध्ये संसाधने उतरवण्याचे पान असेल तर ते सामन्याआधी उघडून सर्व काही उतरवून घ्यावे. त्याला बाहेरून रोखता येत नाही, कारण फोनच्या दृष्टीने तोच तर समोरचा ॲप असतो.

बॅटरी सेव्हरही मागची कामे कमी करतो म्हणून काही जण तो चालू करतात. तो प्रोसेसरचा वेगही कमी करतो, त्यामुळे या कामासाठी तो वापरू नये.

चौथा टप्पा: खऱ्या सामन्याआधी तपासणी

मांडणी बरोबर झाली की नाही हे रँकच्या सामन्यात शोधू नये. सरावाचे मैदान उघडावे, खेळाच्या सेटिंगमधून पिंग दाखवण्याची सोय चालू करावी आणि घरातल्या कोणाला तरी दुसरा फोन घेऊन बसवावे. त्यांना या क्रमाने करायला सांगावे: आधी साधा मेसेज, मग व्हॉट्सॲप मेसेज, मग व्हॉट्सॲप कॉल, आणि शेवटी सिमवर दोन-तीन मिनिटांच्या अंतराने दोन कॉल. पहिले तिन्ही गप्प राहिले, सिमचा पहिला कॉलही गप्प राहिला आणि दुसरा वाजला तर पुन्हा कॉल करणाऱ्यांची सूट चालू आहे. पहिलाच कॉल वाजला तर तपासणारी व्यक्ती तारांकित संपर्कांत आहे का ते पाहावे; घरच्यांच्या फोनवरून तपासताना ही गफलत हमखास होते. सिमचे कॉल गप्प पण व्हॉट्सॲपचा कॉल झळकला तर ॲपच्या सवलतीच्या यादीकडे वळावे.

मोबाइल डेटावर खेळत असाल तर कॉल येण्याच्या क्षणी पिंगच्या आकड्याकडे नजर ठेवावी. कॉल गप्प असूनही आकडा उडी मारत असेल किंवा ‘पुन्हा जोडत आहे’ अशा अर्थाचा संदेश येत असेल तर दोष नोटिफिकेशनचा नसून वर सांगितलेल्या सिमच्या रचनेचा आहे.

डाउनलोडची तपासणी अशी करावी. खेळण्याआधी सेटिंग्जमधील डेटा वापराच्या पानावर जाऊन वाय-फायचा ॲपनिहाय वापर पाहावा. अर्धा तास खेळून पुन्हा तेच पान उघडावे. तेथे प्रत्येक ॲपचा समोरचा आणि पार्श्वभूमीतला वापर वेगळा दाखवलेला असतो. पार्श्वभूमीचा आकडा ज्या ॲपचा वाढला असेल त्याला त्याच पानावरून पार्श्वभूमीतील डेटा नाकारता येतो. हे आकडे ताबडतोब बदलत नाहीत, त्यामुळे दोन-चार मिनिटे थांबून पाहावेत.

कोणत्याही ॲपचा आकडा वाढलेला नाही आणि तरी पिंग चढतो, असे झाले तर शोध फोनच्या बाहेर न्यावा. फोनचा गेम मोड फक्त त्या फोनपुरता असतो. त्याच वाय-फायवरचा लॅपटॉप क्लाउडवर फाइली चढवत असेल तर राउटरपाशी रांग तशीच लागते. घरातली इतर उपकरणे काही मिनिटे वाय-फायवरून काढून पिंग पाहावा. तो खाली आला तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘QoS’ नावाची सोय आहे का ते शोधावे. तिच्या साहाय्याने आपल्या फोनला प्राधान्य देता येते किंवा लॅपटॉपच्या अपलोडला मर्यादा घालता येते. एकूण अपलोड वेगाच्या थोडी खाली मर्यादा ठेवली तर रांग लागतच नाही. 10 एमबीपीएसच्या जोडणीत लॅपटॉपला 6 किंवा 7 पुरेसे होतात. सर्व उपकरणे काढूनही पिंग तसाच राहिला तर कारण वाय-फायचा सिग्नल, इंटरनेटची लाइन किंवा खेळाचा सर्व्हर यांपैकी काहीतरी आहे, आणि त्यावर गेम मोडचा इलाज नाही.

खेळ संपल्यावर

गेम मोडने स्वतः लावलेली शांतता खेळ बंद होताच उतरते, पण हाताने लावलेले ‘Do Not Disturb’ उतरत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर खेळातून बाहेर आल्यावरही फोन गप्पच राहतो. खेळ मध्येच लहान करून दुसरे ॲप उघडले तरीही गेम मोड सुटतो आणि अडवलेली नोटिफिकेशन एकदम उतरतात, हेही जाणून असावे.

‘Data Saver’ हा पर्याय वरून खाली ओढल्या जाणाऱ्या झटपट सेटिंगच्या पट्टीत आणून ठेवावा, म्हणजे तो चालू-बंद करायला मेनूत शिरावे लागत नाही. वाय-फायला लावलेली मोजणीची खूण दर वेळी काढण्याची गरज नसते. मात्र काही ॲप मोजून मिळणारे नेटवर्क पाहून ‘Data Saver’ बंद असतानाही बॅकअप टाळतात. फोटो बरेच दिवस वर चढलेले नाहीत असे दिसले तर रात्री ती खूण काढून ‘Detect automatically’ निवडावे आणि फोन चार्जिंगला लावून ठेवावा. ही खूण त्या एकाच वाय-फायपुरती असते, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणच्या वाय-फायवर खेळायला बसल्यास ती तेथे नव्याने लावावी लागते.